बी-फेजचा फ्लॅग पडला, अर्थ-फॉल्टचा नाही

वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात वळवाचं वारं सुटलं की शेतातून जाणाऱ्या ११ किलोव्होल्टच्या तारा झुलतात. खांबांतलं अंतर जास्त असेल आणि तारांना ढील पडलेली असेल, तर मधोमध दोन तारा एकमेकींना भिडतात. उपकेंद्रातला ब्रेकर उघडतो. पॅनेलवर बी-फेजच्या ओव्हरकरंट रिलेचा फ्लॅग पडलेला दिसतो, आर-फेजचा नाही आणि अर्थ-फॉल्टचाही नाही. नवखा यंत्रचालक म्हणतो, बी-फेजची एकच तार बिघडली. इथेच तो फसतो.

ग्रामीण फीडरच्या जुन्या पॅनेलवर बहुधा 'दोन ओसी, एक ईएफ' अशी मांडणी असते. सीटी तिन्ही फेजवर असतात, पण ओव्हरकरंट रिले फक्त आर आणि बीवर. वायला स्वतःचा रिले नसतो. तिन्ही सीटींचे प्रवाह एकत्र येऊन जे उरेल, ते अर्थ-फॉल्ट रिलेतून जातं. कोणत्याही दोन तारा भिडल्या तरी त्यांत आर किंवा बी असतेच, म्हणून ही काटकसर चालते. बी जमिनीला टेकली असती, तर उरलेला प्रवाह ईएफमधून गेला असता आणि त्याचाही फ्लॅग पडला असता. तो पडला नाही आणि आरचाही नाही, तेव्हा बीची जोडीदार वाय.

वायमधून गेलेला प्रवाह भिडलेल्या जागेतून बीमध्ये शिरतो आणि सगळाच्या सगळा परत येतो. बेरीज शून्य. चार्ल्स फोर्टेस्क्यू यांनी १९१८ साली मांडलेल्या पद्धतीत असंतुलित प्रवाहाचे पॉझिटिव्ह, निगेटिव्ह आणि झिरो सीक्वेन्स असे तीन संतुलित भाग पाडतात. त्यातला झिरोचा भाग म्हणजे तिन्ही फेजच्या बेरजेचा एक-तृतीयांश:

```
I0 = (Ir + Iy + Ib) / 3 = (0 + I - I) / 3 = 0
```

ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल थेट जमिनीला जोडलेला असतो, म्हणजे झिरो सीक्वेन्सला वाट तयारच असते. पण दोषाच्या जागी जमिनीला काही टेकलेलंच नाही, मग त्या वाटेने जाणार कोण? मे महिन्यात काळी माती भेगाळून अर्थिंगचा रोध वाढला, तरी तारा भिडण्याच्या हिशेबात त्याने आकडा बदलत नाही.

उरलेली दोन जाळी, पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह, दोषाच्या जागी एकमेकांना जोडली जातात, आणि दोन्हींचे इम्पिडन्स एकामागे एक मोजायचे. उदाहरणादाखल ५ एमव्हीएचा ३३/११ ट्रान्सफॉर्मर घेऊ. ट्रान्सफॉर्मर आणि मागचा पुरवठा मिळून प्रतिघात २.२ ओहम धरू. वीझल तारेची ५ किलोमीटर लाइन म्हणजे अंदाजे ४.६ ओहम रोध आणि १.९ ओहम प्रतिघात. एकूण ४.६ आणि ४.१, म्हणजे ६.१६ ओहम. फिरतं यंत्र जवळ नसेल, तर निगेटिव्हचाही आकडा हाच.

```
I1 = 6351 / (6.16 + 6.16) = 515 A
If = 1.732 x 515 = 892 A
```

निगेटिव्हचा प्रवाहही ५१५ अँपिअर, पण उलट दिशेचा. आर-फेजमध्ये ते दोघे एकमेकांना खाऊन टाकतात, म्हणून तिथे दोषाचा प्रवाह नाही. वाय आणि बीमध्ये मात्र दोघांची दिशा वेगळी फिरते आणि बेरीज √३ पट होते. तिन्ही तारा एकत्र भिडल्या असत्या तर १,०३१ अँपिअर आले असते. दोनच भिडल्या म्हणून त्याच्या ८६.६ टक्के. लाइन १० किलोमीटरची झाली, तर याच हिशेबाने ५०० च्या आसपास उरतात. रिले २०० अँपिअरवर लावला असेल तर तो काम करतो, पण सावकाश, आणि तोवर तारा वितळत राहतात.

ईएफचा फ्लॅगही पडला, तर दोन शक्यता. तार तुटून जमिनीवर पडली असेल किंवा आर्क क्रॉस-आर्मपर्यंत पोचला असेल. तेव्हा झिरो सीक्वेन्स खरंच वाहतो. नाहीतर मोठ्या प्रवाहाने एखादी सीटी संपृक्त होऊन तिन्ही सीटींची बेरीज खोटी येते. न्यूमेरिकल रिलेची नोंद पाहावी. वाय आणि बीचे आकडे जवळजवळ सारखे आणि दिशा उलट असेल, तर जमिनीचा संबंध नाही.

सगळ्यात कमी बोलली जाणारी गोष्ट ३३ किलोव्होल्टच्या बाजूला घडते. डेल्टा-स्टार, डायन-११ जोडणीत ११ च्या बसवर आर आणि वाय भिडल्या, तर ३३ च्या वाय-फेजमध्ये इतर दोघींच्या दुप्पट प्रवाह वाहतो. पुरवठ्याचा फॉल्ट लेव्हल २५० एमव्हीए आणि ट्रान्सफॉर्मरचा इम्पिडन्स ७.१५ टक्के धरला, तर वायमध्ये सुमारे ९५६ अँपिअर, आर आणि बीमध्ये ४७८. तिथेही 'दोन ओसी' असेल, तर दोन्ही रिले अर्धाच प्रवाह पाहतात आणि उशीर करतात. त्या बाजूला तिसरा ओव्हरकरंट रिले हवाच. त्यात काटकसर नको.

यंत्रचालकांना एकच विनंती: ब्रेकर परत चढवण्याआधी कोणते फ्लॅग पडले ते रजिस्टरमध्ये लिहा, आणि ईएफ पडला नव्हता हेही लिहा. लाइनमनला त्यावरून कळतं की जमिनीवर पडलेली तार शोधत बसण्याआधी ढिले स्पॅन आणि तारांवर पडलेल्या फांद्या पाहायच्या.