पंधरा तासांचा आठवडा

एमपीएससीचा अभ्यास सुरू करताना जवळपास प्रत्येक जण आधी टाइमटेबल बनवतो. रंगीत पेनं येतात, भिंतीवर कागद चिकटतो आणि त्यावर लिहिलेलं असतं, रोज सहा तास. आता जरा हिशेब करू. सहा तास रोज म्हणजे आठवड्याला 42 तास. कॉलेजात असताना किंवा घरी बसून तयारी करताना हा आकडा गाठता येतो. पण नोकरी करणाऱ्याचा आठवडा आधीच ऑफिसने अर्धा खाल्लेला असतो, त्यात आणखी 42 तास बसवायचे म्हणजे तिकीट न काढता दुसरी नोकरी पकडल्यासारखंच. मग तिसऱ्या आठवड्यात कागद भिंतीवरच राहतो आणि अभ्यास बंद पडतो.

नोकरी सांभाळून राज्यसेवेची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांशी या पानासाठी बोलले. त्यातल्या एकीचं वेळापत्रक मला सगळ्यात जास्त शिकवून गेलं. ती 25 वर्षांची, बीकॉम झालेली, नाशिकमध्ये एका सीएच्या ऑफिसात काम करते. नाव छापू नको म्हणाली, कारण परीक्षेचं ऑफिसात फक्त एकीला माहीत आहे. घरचं कर्ज आहे, त्यामुळे नोकरी सोडून पुण्याला जाऊन अभ्यासिका लावणं हा पर्याय तिच्याकडे नव्हताच.

तिचंही पहिलं टाइमटेबल 42 तासांचंच होतं. ते कोसळल्यावर तिने नवं टाइमटेबल केलं नाही. दोन आठवडे फक्त नोंद ठेवली. खिशातल्या छोट्या डायरीत रोज रात्री एकच ओळ: आज खरंच किती वेळ पुस्तकासमोर होते. मोबाईल बघण्यात गेलेला वेळ वजा करून. पहिल्या आठवड्यात आकडा आला 17 तास, दुसऱ्यात 13. तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपला आठवडा सरासरी पंधरा तासांचा आहे, आणि योजना या पंधरा तासांचीच करायला हवी.

हे पंधरा तास तिने असे बसवले. सोमवार ते शुक्रवार सकाळी पावणेसहा ते साडेसात, म्हणजे पावणेदोन तास. सोमवार ते गुरुवार रात्री जेवणानंतर चाळीस मिनिटं. रविवारी सकाळी आठ ते साडेअकरा. बेरीज पाच मिनिटं कमी पंधरा तास. शनिवारची सकाळ मुद्दाम रिकामी. आठवड्यात काही राहिलंच तर ते शनिवारी भरून काढायचं, नाहीतर झोपायचं. रविवारी दुपारनंतर पुस्तक बंद.

यातली खरी गोष्ट तासांत नाही, कुठल्या वेळेला काय करायचं यात आहे. दिवसभर टॅलीत आकडे टाकून आलेल्या डोक्याला रात्री नवा विषय जात नाही. ती आधी रात्री अर्थव्यवस्था वाचायची आणि सकाळी त्यातलं काही आठवायचं नाही. म्हणून रात्रीची चाळीस मिनिटं फक्त वाचलेलं पुन्हा बघण्यासाठी ठेवली. नवं काही असेल ते सकाळीच.

दुसरी गोष्ट, सगळे आठवडे सारखे नसतात. सीएच्या ऑफिसात महिन्याला दोन तारखा अशा येतात की घरी जायची वेळ सांगता येत नाही. दर महिन्याच्या 11 तारखेपर्यंत जीएसटीआर-1 भरायचा असतो, 20 पर्यंत जीएसटीआर-3बी. बहुतेक क्लायंटची बिलं शेवटच्या दोन दिवसांतच येतात. 11 तारीख ती कशीबशी निभावून नेते. 20 च्या आठवड्यात मात्र पंधरा तास होणारच नाहीत हे तिने मान्य केलं आणि त्यासाठी वेगळा छोटा आठवडा बनवला: रोज सकाळी एक तास, रात्री काही नाही, रविवारी दोन तास. एकूण सात. आधी काय व्हायचं, असा एक आठवडा बुडाला की 'आता काय उपयोग' म्हणून पुढचे दोन आपोआप बुडायचे. आता सात तास हेच त्या आठवड्याचं टार्गेट असतं, त्यामुळे ते पूर्ण होतं आणि साखळी तुटत नाही. महिन्याला तीन मोठे आणि एक छोटा आठवडा, म्हणजे साधारण 52 तास. तुमच्या नोकरीतही असा एखादा आठवडा असेलच. बँकेत तिमाहीचा शेवट, शाळेत पेपर तपासणी, दुकानात दिवाळी. तो आधीच ओळखून ठेवा.

आता बघू, हे सगळं चालतंय की नाही हे कळतं कसं. राज्यसेवा पूर्व परीक्षेत दोन पेपर असतात. सामान्य अध्ययनाचा पहिला पेपर 100 प्रश्नांचा आणि 200 गुणांचा. मुख्य परीक्षेला पोचायचं की नाही हे त्याच्यावर ठरतं. दुसरा सीसॅटचा पेपर, त्यात 33 टक्के म्हणजे 200 पैकी 66 गुण मिळवून पात्र व्हायचं असतं. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांच्या एक चतुर्थांश गुण कापले जातात. तिची रविवारची सकाळ म्हणजे दोन तासांची टेस्ट आणि दीड तासाची चिरफाड. तीन रविवार सामान्य अध्ययन, एक रविवार सीसॅट.

तिने मला तिच्या एका टेस्टचा कागद दाखवला. 82 प्रश्न सोडवले, 46 बरोबर, 36 चूक. 46 चे 92 गुण, त्यातून 36 चुकांचे 18 वजा. हातात 74. बहुतेक जण इथे थांबतात, गुण बघून वाईट वाटून घेतात आणि नवं पुस्तक विकत आणतात. तिने त्या 36 चुका तीन रकान्यांत लिहिल्या. पहिला रकाना: हे माहीतच नव्हतं. दुसरा: वाचलं होतं, पण आठवलं नाही. तिसरा: येत होतं, पण प्रश्न नीट वाचला नाही. 'पुढीलपैकी कोणते विधान चूक आहे' मधला 'चूक' नजरेतून सुटतो, तो प्रकार. आकडे आले 12, 17 आणि 7.

म्हणजे सगळ्यात मोठी गळती दुसऱ्या रकान्यात होती. वाचन होत होतं, पण टिकत नव्हतं. तोपर्यंत तिच्या पाचही सकाळी नव्या वाचनाच्या होत्या आणि रात्रीच्या चाळीस मिनिटांवर सगळ्या रिव्हिजनचा भार पडत होता. तिने तास वाढवले नाहीत, सकाळींची वाटणी बदलली. सोमवार-मंगळवार नवं वाचन, गुरुवार-शुक्रवार फक्त रिव्हिजन, तेही पुस्तक मिटून: आधी कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं, मग पुस्तक उघडून काय सुटलं ते बघायचं. सहा टेस्टनंतर तिने 78 प्रश्न सोडवले, 55 बरोबर, 23 चूक. गुण 98.5. दुसऱ्या रकान्यातला आकडा 17 वरून 8 वर आला होता. तास तेवढेच, पंधरा.

बुधवार का सोडला? कारण आता मुख्य परीक्षा बदलली आहे. 2025 पासून ती वर्णनात्मक झाली. मराठी आणि इंग्रजीचे दोन पात्रता पेपर, आणि निबंध, सामान्य अध्ययनाचे चार व वैकल्पिक विषयाचे दोन असे प्रत्येकी 250 गुणांचे सात पेपर, म्हणजे 1750 गुण. त्यावर 275 गुणांची मुलाखत. आधी नोकरीवाले बसमध्ये, लंच टाइममध्ये मोबाईलवर एमसीक्यू सोडवून बरीच तयारी करायचे. लेखी उत्तराची तयारी अशी होत नाही, तिला टेबल आणि कागद लागतो. दिवसभर कीबोर्ड बडवणाऱ्याच्या हाताला लिहायची सवय राहिलेली नसते. पहिल्या बुधवारी दुसऱ्याच उत्तराला तिचं मनगट दुखायला लागलं. तरी घड्याळ लावून दोन उत्तरं, दर बुधवारी, एवढं तिने धरून ठेवलं. पूर्व परीक्षेनंतर सुरू करू म्हणणाऱ्यांना हात तयार करायला वेळच उरत नाही.

शेवटची आणि सगळ्यात त्रासाची गोष्ट म्हणजे तारीख. 2024 ची पूर्व परीक्षा 25 ऑगस्टला ठरली होती, ती झाली 1 डिसेंबरला. 2025 ची 28 सप्टेंबरला होती, अतिवृष्टी आणि पुरामुळे पुढे गेली आणि 9 नोव्हेंबरला झाली. फुलटाइम अभ्यास करणाऱ्याला यात मनस्ताप होतो. नोकरीवाल्याची तर रजाच जाते. सप्टेंबरअखेर म्हणजे टॅक्स ऑडिटचा सीझन. त्यात आठवड्याची रजा मागून तिने साहेबांची नाराजी ओढवून घेतली, आणि परीक्षा अगदी तोंडावर पुढे ढकलली गेली. साठवलेल्या रजेतले सहा दिवस संपले होते.

त्यानंतर तिने दोन नियम केले. पूर्व परीक्षेसाठी मोठी सलग रजा घ्यायची नाही, फक्त आधीचे दोन दिवस. उरलेली सगळी रजा मुख्य परीक्षेसाठी, कारण तीन तासांचे पेपर पूर्ण लिहून बघायला पंधरा तासांच्या आठवड्यात जागा नाही. आणि तारीख पुढे गेली तर वेळापत्रक बदलायचं नाही, तोच आठवडा पुढे चालू ठेवायचा. 9 नोव्हेंबरपर्यंतचे वाढीव सहा आठवडे तिने असेच काढले. तेव्हा पुन्हा 42 तासांचा मोह झाला होता, ते तिनेच सांगितलं.

या पद्धतीला मर्यादा आहेत. ज्यांची शिफ्ट दर आठवड्याला बदलते त्यांना सकाळची पक्की वेळ मिळणार नाही. त्यांना झोपेतून उठल्यानंतरचे पहिले दोन तास धरावे लागतील, मग ते दुपारचे का असेनात. आणि दोन महिने नीट नोंद ठेवूनही आकडा आठ-नऊच्या वर जात नसेल, तर त्या वर्षी फॉर्म भरताना अपेक्षा त्याच मापाच्या ठेवा, किंवा नोकरीतल्या वेळेबद्दल कोणाशी तरी बोला. भिंतीवरचा कागद बदलून ते तास वाढत नाहीत.

तिच्या भिंतीवर आता काहीच नाही. डायरी मात्र आहे. या आठवड्याचा आकडा विचारला तर म्हणाली, साडेसहा. 20 तारीख होती ना.