सातचा डबा, एकची सुट्टी

पुण्यात सकाळी सातला भरलेला डबा दुपारी एकला उघडतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीकडे जातो, तेव्हा हे सहा तास जिवाणूंच्या सोयीचे असतात.

सर्वांत फसवा पदार्थ म्हणजे रात्रीच्या भाताचा फोडणीचा भात. तांदळातल्या ‘बॅसिलस सेरियस’चे बीजाणू शिजवूनही टिकतात. भात रात्रभर ओट्यावर राहिला, की ते वाढून विष तयार करतात. फोडणीने हे विष जात नाही. वासही येत नाही. उलट्या मात्र एक ते सहा तासांत सुरू होतात. उरलेला भात तासाभरात पसरट भांड्यात फ्रिजमध्ये ठेवा, डब्यात मात्र ताजाच द्या.

पोळ्या आणि सुकी भाजी ताटात पसरून वाफ जाऊ द्या. झाकणाला आतून पाण्याचे थेंब दिसले, तर डबा घाईने बंद झाला असे समजा.

टाळा: ओल्या खोबऱ्याची चटणी, पनीर, उकडलेली अंडी, मासे, मऊ बटाटाभाजी.

चालेल: पोळी, तिखटमिठाच्या पुऱ्या, कोरडी परतलेली भाजी, शेंगदाण्याची चटणी, गूळ-तूप.