‘रुको’ ऐकू न येणारी गाडी

दोन चाकांची छोटी गाडी, तिच्यावर रास्पबेरी पाय 4 आणि एक यूएसबी माइक. ‘आगे’ म्हटलं की गाडी लगेच सुटते. ‘रुको’ म्हटलं की मात्र ढिम्म, थेट भिंतीवर! बोल सॉफ्टवेअरला लावला जातो. पण ‘आगे’ ऐकताना मोटर बंद असते आणि ‘रुको’ ऐकताना ती माइकच्या कानाशी घरघरत असते, हे लक्षात येत नाही.

इंटरनेटशिवाय बोलणं ओळखणारं व्होस्क हे मोफत सॉफ्टवेअर या छोट्या संगणकावर आरामात चालतं. त्याचं लहान हिंदी मॉडेल जेमतेम 42 एमबीचं आहे. सगळी भाषा ऐकायला न लावता त्याला मोजकेच शब्द देता येतात:

```
["आगे", "पीछे", "रुको", "[unk]"]
```

शेवटचा `[unk]` म्हणजे ‘यातलं काहीच नाही’. तो गाळला तर साधा खोकलाही यादीतल्या एखाद्या शब्दात कोंबला जातो आणि गाडी उगाच निघते.

आता माइक. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने उतरतो. मोटर 10 सेंटिमीटरवर आणि बोलणारा 160 सेंटिमीटरवर असेल, तर अंतर चारदा दुप्पट झालं. बोलणाऱ्याचा 24 डेसिबलचा तोटा इथेच झाला. माइक काडीवर चढवून मोटरपासून 20 सेंटिमीटरवर नेला की मोटरचा आवाज सुमारे 6 डेसिबलने कमी होतो, बोलणाऱ्याचा जवळपास तसाच राहतो. काडी फार उंच केली तर गाडी वळताना कलंडते, एवढं सांभाळायचं.

तरीही खरखर उरलीच तर ती येते कुठून, हे आधी शोधावं. चाकं हवेत राहतील अशी गाडी ठोकळ्यावर ठेवून मोटर चालू करावी आणि पाच सेकंद ध्वनिमुद्रण करावं (माइकचा क्रमांक `arecord -l` दाखवतं):

```
arecord -D plughw:1,0 -f S16_LE -r 16000 -c 1 -d 5 test.wav
```

मग माइक काडीवरून काढून तिथेच हातात धरावा. खरखर कमी झाली, तर ती सांगाड्याच्या थरथरीतून येत होती. माइकखाली स्पंजाचा तुकडा पुरतो. हात लांब केल्यावर कमी झाली, तर ती हवेतून येत होती. कुठेही नेलं तरी तेवढीच राहिली, तर ती तारांतून येते: मोटरच्या दोन टोकांमध्ये 0.1 मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर जोडावा आणि मोटरला वेगळी बॅटरी द्यावी. हा शेवटचा दोष स्पंजाने कधीच जात नाही, आणि स्पंजाचे थर चढवण्यातच बहुतेकांचा वेळ जातो.

एवढं करूनही फरशीवर धावताना एखादा ‘रुको’ हुकणारच. म्हणून प्रत्येक हुकमाला मुदत घालावी: ‘आगे’ म्हटल्यावर दीड सेकंद चालून गाडीने आपोआप थांबावं, शांततेत पुढचा हुकूम ऐकावा. जिन्याजवळ फिरवायची असेल, तर मोटरची बॅटरी तोडणारं बटणही बसवून घ्या.