आधी भरा, मग वसूल करा

केळापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण पांढरकवडा. नागपूर-हैदराबाद महामार्गावरचे हे गाव तेलंगणाच्या हद्दीजवळ असल्याने ट्रक इथला आणि चालक पलीकडचा, असे सहज घडते. अशाच एका ट्रकमालकाला विमा कंपनीचे पत्र आले, असे समजू: मयताच्या वारसांना आम्ही नऊ लाख रुपये दिले, तुमच्या चालकाचा परवाना बनावट निघाला, सबब रक्कम व्याजासह भरा.

मालक हबकतो. विमा उतरवला होता, हप्ता भरला होता. मग हे काय? पण कायद्याने इथे दोन नाती वेगळी ठेवली आहेत. वारसांना भरपाई मिळालीच पाहिजे, म्हणून पैसे आधी कंपनी देते. मालकाने विम्याची अट मोडली की नाही, हा त्या दोघांमधला हिशेब.

परिवहन कार्यालयाचा लिपिक साक्षीला येतो आणि सांगतो, हा क्रमांक भलत्याच माणसाच्या नावावर आहे. एवढ्याने परवाना खोटा ठरतो; मालक दोषी ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी ५ जानेवारी २००४ रोजी स्वर्णसिंग प्रकरणात सांगितले की मालकाने वाजवी काळजी घेतली नाही, हेही कंपनीनेच सिद्ध करायचे. वाजवी काळजी म्हणजे किती, ते लेहरू प्रकरणात आधीच्याच वर्षी आले होते: परवाना पाहावा, तो वरकरणी खरा वाटावा, माणूस गाडी नीट चालवतो का हे बघावे. देशभरच्या परिवहन कार्यालयांत चौकशी करत फिरणे मालकाकडून अपेक्षित नाही. २०२३ मध्ये गीता देवी प्रकरणात हेच पुन्हा सांगावे लागले, यावरून कंपन्यांची चिकाटी कळते. मात्र परवाना खोटा आहे हे कळूनही त्याच चालकाला ठेवले असेल, तर मालकाची बाजू उरत नाही.

घोळ होतो तो पत्राच्या बराच आधी. न्यायाधिकरणाची नोटीस येते तेव्हा ‘कंपनीचा वकील बघून घेईल’ म्हणून मालक घरी बसतो. या एका मुद्द्यावर तो वकील त्याच्या विरुद्ध उभा असतो. चालकाला कामावर ठेवताना परवाना पाहिला, गाडी चालवून घेतली, हे सांगणारा साक्षीदार मालकाशिवाय दुसरा नाही. तो आलाच नाही, तर निवाड्यात वसुलीची मुभा लिहिली जाऊ शकते.

म्हणून पत्र हाती आल्यावर निवाड्याचे शेवटचे पान काढावे. तिथे वसुलीची मुभा नसेल, तर नुसत्या पत्राच्या जोरावर कंपनीला जप्ती आणता येत नाही. मुभा असेल, तर वेगळा दावा न लावता त्याच न्यायाधिकरणात वसुली सुरू होते. जिल्हाधिकाऱ्यामार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखीही. त्याविरुद्ध नागपूर खंडपीठात निवाड्यापासून नव्वद दिवसांत अपील करता येते. त्यासाठी पंचवीस हजार किंवा निम्मी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती आधी भरावी लागते. नऊ लाखांच्या निवाड्यात ती पंचवीस हजारच. उशीर झाला तर सबळ कारण द्यावे लागते, आणि मालकाला निवाड्याचा पत्ताच पुष्कळदा या पत्रातून लागतो.