जाहिरातीतला आंबा कापावा का?

हापूसची पेटी घरपोच देणाऱ्या देवगडच्या एका बागायतदाराला इन्स्टाग्रामवर जाहिरात द्यायची आहे, असं समजू. चित्र तो एआयकडून करून घेतो. प्रॉम्प्ट साधा: ‘लाकडी टेबलावर हापूसची उघडी पेटी, आंबे पेंढ्यात, सकाळचं ऊन.’ हे चित्र ‘अ’. ‘ब’मध्ये भर एकाच गोष्टीची: पेटीपुढे कापलेला आंबा.

मेख इथेच आहे. वाढवलेला प्रॉम्प्ट पहिल्यापासून दिला, तर एआय अख्खं चित्रच नव्याने काढतं. ऊन बदलतं, पेटीचा कोन बदलतो. मग लोक फोडीला भुलले की उन्हाला, हे कसं कळणार? त्यापेक्षा ‘अ’ चित्रच अपलोड करून ‘बाकी काही न बदलता पुढे कापलेला आंबा ठेव’ असं सांगावं आणि दोन्ही चित्रं शेजारी ठेवून नीट पाहावीत.

ती एकाच अ‍ॅड सेटमध्ये टाकली, तर मेटाची यंत्रणा थोड्याच वेळात आपल्या आवडीचं चित्र जास्त दाखवू लागते. अ‍ॅड्स मॅनेजरमधली ए/बी टेस्ट प्रेक्षकांचे वेगळे गट पाडते, तीच वापरावी. निकालात फक्त लिंकवरचे क्लिक मोजावेत. ‘सगळे क्लिक’ या आकड्यात लाइक करणारे आणि फोटो मोठा करून बघणारेही येतात.

समजा, पहिल्या दिवशी दोन्ही चित्रं प्रत्येकी 400 वेळा दिसली. ‘अ’ला 5 क्लिक, ‘ब’ला 9. जवळजवळ दुप्पट! पण एवढ्यावर उड्या मारू नयेत. चित्रं सारख्याच वेळा दिसली असतील, तर एक ढोबळ हिशेब पुरतो: दोन्हींच्या एकूण क्लिकचं वर्गमूळ काढून दुप्पट करायचं. फरक त्याहून मोठा असेल, तरच तो धरायचा. इथे 14 चं वर्गमूळ पावणेचारच्या आसपास, दुप्पट साडेसात. फरक फक्त 4. म्हणजे निव्वळ योगायोगही असू शकतो. आठवड्याने प्रत्येकी 4000 वेळा दिसल्यावर 48 आणि 72 क्लिक झाले, तर 120 च्या वर्गमुळाची दुप्पट सुमारे 22 आणि फरक 24. निसटता का होईना, ‘ब’ जिंकला. मात्र किती दिवस चालवायचं ते आधीच ठरवावं. रोज डोकावून आपलं चित्र पुढे दिसताच चाचणी थांबवली, तर हा हिशेब फसवा ठरतो.

आता पुढचा प्रॉम्प्ट. कापलेला आंबा कायम ठेवायचा आणि नवी शंका एकच घ्यायची: फोड हातात धरलेली असेल तर? ऊन, टेबल, पेटी यांना हात लावायचा नाही.

ऑर्डरीही पाहाव्यात. 48 क्लिकमागे 6 पेट्या आणि 72 मागेही 6 च गेल्या, तर फोडीने बघे वाढवले, गिऱ्हाईक वाढल्याचा पुरावा नाही. आणि एआय कधीकधी हापूसला परदेशी आंब्यासारखी लाली चढवतं, ती तपासा. प्रॉम्प्टमध्ये ‘केशरी-पिवळी साल’ असं स्पष्ट लिहा. पेटीत जो आंबा जाणार नाही, तो कितीही क्लिक आणत असला तरी जाहिरातीतून काढून टाका.