भागिले पाच की चार?

पाच रोपांची उंची 4, 5, 6, 7, 8 सेंमी. सरासरी 6, फरकांच्या वर्गांची बेरीज 10. उत्तरात प्रमाण विचलन 1.58 लिहिलंय. सूत्र कोणतं वापरलं? उत्तराचा वर्ग करा: सुमारे 2.5. दहाला त्याने भागलं की 4 येतात, म्हणजे भाजक n−1, सूत्र नमुन्याचं. 1.41 असतं, तर भाजक 5, सूत्र समष्टीचं. एक्सेलमध्ये हीच STDEV.S आणि STDEV.P.

आता प्रश्न पुन्हा वाचा. वाफ्यात पाचच रोपं असतील आणि त्यांच्याचविषयी विचारलं असेल, तर 1.41 बरोबर. ती मोठ्या शेतातून निवडलेली असतील, तर 1.58 हवं, कारण नमुन्याची सरासरी त्याच पाच आकड्यांतून काढलेली असल्याने त्यांना जवळची असते, आणि पाचने भागल्यास शेतातला विखुरलेपणा बहुधा कमी दिसतो. हजार रोपं मोजली, तर दोन्ही उत्तरं जवळजवळ सारखीच येतात. मग उलटतपासणीने सूत्र ओळखणं अवघड.