बचत खाती किती असावीत? रिकाम्या पडलेल्या खात्याचा खरा खर्च समजून घ्या

आज मोबाईलवर दहा मिनिटांत बँक खातं उघडता येतं. कॉलेजच्या स्कॉलरशिपसाठी एक, पहिल्या नोकरीत पगारासाठी दुसरं, नोकरी बदलली की तिसरं, आणि एखाद्या ॲपवर कॅशबॅक मिळतोय म्हणून चौथं. पंचविशीच्या आत चार खाती असलेली मुलं-मुली आमच्या बोदलकशातही सहज सापडतात. वापरात मात्र एक किंवा दोनच असतात.

"पडून आहे तर पडू दे, त्यात पैसेच नाहीत तर जाणार काय?" असं बहुतेकांना वाटतं. पण रिकामं खातं तुमचे दुसरीकडून येणारे पैसे स्वतःकडे ओढून घेऊ शकतं. ते कसं, हे आधी एका खऱ्या उदाहरणातून पाहू. मग किती खाती ठेवायची आणि बाकीची कशी बंद करायची, ते बघू.

लाडकी बहीणचे पैसे गेले कुठे?

ऑगस्ट २०२४ मध्ये मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे जुलै आणि ऑगस्टचे मिळून ३,००० रुपये महिलांच्या खात्यात जमा होऊ लागले. माझ्या मावसबहिणीचा अर्ज मंजूर झाला होता, पण तिच्या तिरोड्याच्या खात्यात काहीच दिसेना. "दादा, साऱ्यांचे आले, माझेच नाही आले," असं म्हणत ती फोन घेऊन माझ्याकडे आली.

आम्ही तिचं आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते तपासलं. तिथे तिरोड्याच्या बँकेऐवजी नागपूरच्या एका खासगी बँकेचं नाव निघालं. त्या शहरात तिने काही महिने नोकरी केली होती आणि पगारासाठी तिथे खातं उघडलं होतं. नोकरी सुटली, ती गावी परत आली, खातं तसंच राहिलं. पैसे तिकडे गेले होते, आणि ३,००० पैकी ५९० रुपये किमान शिल्लक नसल्याच्या दंडात कापलेही गेले होते.

असं फक्त तिच्याच बाबतीत घडलं नाही. त्या महिन्यात राज्यभरातून अशा तक्रारी आल्या आणि या पैशातून कपात करू नका, असं सरकारला बँकांना सांगावं लागलं. आम्ही शाखेत अर्ज दिला आणि ५९० रुपये परत मिळाले, पण त्यासाठी नागपूरची एक खेप झाली.

पैसे जुन्या खात्यातच का गेले?

आधार बँकेत देण्याचे दोन प्रकार आहेत, आणि इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. पहिला प्रकार केवायसीचा. तुम्ही पाच बँकांत आधार दिलं तरी त्याला हरकत नाही. दुसरा प्रकार म्हणजे सरकारी अनुदानासाठीचं आधार सीडिंग. त्याची यादी एनपीसीआय ही संस्था ठेवते, आणि त्या यादीत एका आधार क्रमांकापुढे एका वेळी एकाच बँकेचं नाव असतं. तुम्ही सगळ्यात शेवटी ज्या बँकेला संमती दिली, ते नाव.

सरकार आधारच्या आधारे पैसे पाठवतं तेव्हा अर्जात लिहिलेला खाते क्रमांक बघितला जात नाही, ही यादी बघितली जाते. नवीन खातं उघडताना फॉर्ममध्ये किंवा ॲपमध्ये "अनुदान या खात्यात घ्यायचं आहे" अशी एक चौकट असते. आपण बाकीच्या चौकटींसोबत तिच्यावरही टिक करतो. नागपुरात तेच झालं होतं.

५९० रुपयांचा हिशोब

नोकरीचं खातं झिरो बॅलन्स असतं, पण पगार येतोय तोपर्यंतच. सलग काही महिने पगार आला नाही की बँक ते साध्या बचत खात्यात बदलते. मग किमान शिल्लक ठेवावी लागते. या खात्याला ती १०,००० रुपये होती. दंड होता कमी पडलेल्या रकमेच्या ६ टक्के, पण जास्तीत जास्त ५०० रुपये, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी.

यात बघितली जाते ती महिन्याची सरासरी, शेवटच्या दिवशीची शिल्लक नव्हे. ३,००० रुपये १५ ऑगस्टला आले, म्हणजे ३१ पैकी १७ दिवस खात्यात होते. सरासरी पडली साधारण १,६४५ रुपये. कमी पडले ८,३५५. त्याचे ६ टक्के ५०१ होतात, म्हणून दंड ५०० वर थांबला. अधिक जीएसटी ९०. झाले ५९०.

मग आधीचे महिने दंड का नाही लागला? कारण खात्यात शून्य होतं. किमान शिल्लक नाही म्हणून खातं उणे करता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कापायला काही नव्हतं. पैसे आले आणि कापले गेले.

दंड लावण्याआधी बँकेने ग्राहकाला कळवून एक महिना द्यायचा असतो. तसं कळवलंही असेल, पण खात्याला जोडलेलं सिम तिने कधीच बंद केलं होतं.

जुना नंबर ही मोठी अडचण

दंडाची रक्कम तरी मोजता येते, बंद नंबरचा धोका मोजता येत नाही. बंद झालेला मोबाईल नंबर ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. मग तुमच्या खात्याचे मेसेज आणि ओटीपी अनोळखी माणसाकडे जातात.

खात्यातून कुणी पैसे काढले तरी तुम्हाला कळत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेची नाही आणि तुमचीही नाही अशा फसवणुकीत बँकेचा मेसेज मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केली तर नुकसान तुमच्यावर येत नाही. उशीर झाला की काही भार तुमच्यावर येतो. मेसेज तुमच्या हातातच पडत नसेल तर तक्रार वेळेत करणार कशी?

आणखी एक सांगतो. "वापरात नसलेलं खातं भाड्याने द्या, महिन्याला पैसे घ्या" अशा ऑफर टेलिग्रामवर फिरतात. सायबर फसवणुकीचे पैसे फिरवायला अशी खाती लागतात. पोलीस आधी ज्याच्या नावावर खातं आहे त्याच्या दारात येतात. विषय तिथेच संपवा.

सरकारी बँकेत दंड नाही, मग ठेवायला काय हरकत?

स्टेट बँकेने २०२० मध्ये बचत खात्यावरचा किमान शिल्लकेचा दंड बंद केला आणि २०२५ मध्ये आणखी काही सरकारी बँकांनीही केला. पण एटीएम कार्डाची वार्षिक फी सुरूच राहते. स्टेट बँकेच्या साध्या कार्डाला एप्रिल २०२४ पासून वर्षाला २०० रुपये आणि जीएसटी, म्हणजे २३६ रुपये लागतात. कार्ड वापरलं नाही तरी.

विम्याचे हप्तेही बघा. जीवन ज्योती योजनेचे वर्षाला ४३६ आणि सुरक्षा विमा योजनेचे २० रुपये मे महिन्याच्या शेवटी आपोआप कापले जातात. दोन बँकांत फॉर्म भरला असेल तर दोन्हीकडे कापले जातील, पण भरपाई दुप्पट मिळत नाही. एका योजनेत एका माणसाला एकच संरक्षण आहे.

दोन वर्षं तुम्ही स्वतः काहीच व्यवहार केला नाही तर खातं निष्क्रिय होतं. बँकेने जमा केलेलं व्याज हा तुमचा व्यवहार धरला जात नाही. निष्क्रिय खात्यावर किमान शिल्लकेचा दंड लावता येत नाही, पुन्हा सुरू करायला फी नाही आणि व्याजही मिळत राहतं. पण केवायसी पुन्हा केल्याशिवाय पैसे काढता येत नाहीत.

मग किती खाती ठेवायची?

माझ्या मते बहुतेक तरुणांना दोन पुरतात.

पहिलं घराजवळच्या बँकेत. पगार, स्कॉलरशिप, योजनेचे पैसे आणि बचत इथे. आधार सीडिंगही याच खात्याला. याचं यूपीआय शक्यतो चालू करू नका.

दुसरं रोजच्या यूपीआयसाठी. यात आठवड्याला लागेल तेवढेच पैसे टाका. एखादी चुकीची लिंक दाबली गेली तरी नुकसान तेवढ्यावरच थांबतं.

तिसऱ्या खात्याला ठरलेलं काम असेल तरच ते ठेवा: कंपनीने सांगितलेलं पगाराचं खातं, आई-बाबांसोबतचं जोडखातं किंवा कर्जाचा हप्ता जाणारं खातं. एका बँकेत पाच लाखांपेक्षा जास्त ठेव असेल तर दुसरी बँक घेण्यात अर्थ आहे, कारण ठेव विमा एका बँकेत व्याज धरून पाच लाखांपर्यंतच मिळतो.

जास्तीचं खातं बंद कसं करायचं?

क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून याच क्रमाने करा.

१. आधी सीडिंग तपासा. myaadhaar.uidai.gov.in वर आधारला जोडलेल्या मोबाईल नंबरच्या ओटीपीने लॉगिन करून Bank Seeding Status उघडा. नेट नसेल तर `*99*99*1#` डायल करा. तिथे बँकेचं नाव दिसेल.

२. ते नाव नको असलेल्या बँकेचं असेल तर ज्या बँकेत पैसे हवे आहेत तिथे सीडिंगचा फॉर्म भरा. काही दिवसांनी नाव बदललं का ते पुन्हा बघा. ते बदलल्याशिवाय जुनं खातं बंद करू नका, नाहीतर मधला हप्ता अडकेल.

३. मागच्या एका वर्षाचं स्टेटमेंट काढा. विमा, एसआयपी, रिचार्ज असं जे जे आपोआप कापलं जातं ते दुसऱ्या खात्यावर न्या.

४. शाखेत खातं बंद करण्याचा फॉर्म द्या, एटीएम कार्ड आणि चेकबुक जमा करा, उरलेली रक्कम दुसऱ्या खात्यात घ्या. खातं बंद झाल्याचं लेखी मागून घ्या. बऱ्याच बँकांत पहिल्या १४ दिवसांत आणि एका वर्षानंतर बंद करायला फी नसते, मधल्या काळात असते.

ॲप अनइन्स्टॉल करणं किंवा सगळे पैसे काढून घेणं म्हणजे खातं बंद करणं नव्हे. शून्य शिल्लक असलेलं खातं चालूच असतं, हे वर आपण पाहिलंच.

खातं बंद करायचं नसेल तर त्याच शाखेत ते मूळ बचत खात्यात, म्हणजे झिरो बॅलन्स खात्यात, बदलून मागता येतं. त्यासाठी त्या बँकेत तुमचं दुसरं बचत खातं नको. बँकेने तुमची तक्रार ३० दिवसांत सोडवली नाही तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

आज निदान पहिली पायरी करून बघा. तिथे दिसणाऱ्या बँकेत तुम्ही शेवटचा व्यवहार कधी केला होता, ते आठवत नसेल तर बाकीच्या तीन पायऱ्याही याच महिन्यात उरकून घ्या.